लेबल आयएसओचं की अमेरिकेचं? टबापेक्षा चौकोन बघा

कपड्याच्या लेबलवरचे टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ बहुतेक देशांत सारखेच दिसतात, पण त्यांच्या आतल्या खुणा प्रमाणानुसार बदलतात. लेबल वाचताना निवड बहुतेकदा दोघांतच करायची असते: युरोपसह बऱ्याच देशांत चालणारं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ ३७५८ आणि अमेरिकेचं एएसटीएम डी५४८९.

आपली नजर आधी टबवर जाते. आत नुसता ३०, ४० किंवा ६० असा आकडा असेल तर आयएसओ, ठिपके असतील तर अमेरिका, हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. अमेरिकी पद्धतीत एक ठिपका म्हणजे ३० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०. पण तिथे ठिपक्यांबरोबर आकडाही छापलेला चालतो, म्हणून एकट्या टबवर मी निकाल देत नाही.

खरा फरक वाळवण्याच्या चौकोनात दिसतो. दोरीवर वाळत घालायचं असेल तर आयएसओ चौकोनात मधोमध एक उभी रेघ काढतं. अमेरिकी चौकोनात वरच्या कडेखाली झोळ आलेली वक्ररेषा असते, पाकिटाच्या झाकणासारखी. न पिळता, निथळत वाळवायचं असेल तर आयएसओत दोन उभ्या रेघा, अमेरिकेत तीन. सावलीसाठी डाव्या कोपऱ्यात तिरकी रेघ आयएसओत एक, अमेरिकेत दोन. सपाट पसरून वाळवण्याची आडवी रेघ मात्र दोन्हीकडे तीच, तिच्यावरून काही कळत नाही.

समजा, एका लेबलवर टबात तीन ठिपके, टबाखाली एक रेघ, फुली मारलेला त्रिकोण आणि तीन उभ्या रेघांचा चौकोन आहे. तीन रेघांमुळे हे अमेरिकी प्रमाण ठरतं, म्हणजे पाणी जास्तीत जास्त ५० अंश. इस्त्रीत तीन ठिपके म्हणजे सर्वांत गरम, म्हणून इथेही पाणी कडकडीत हवं, असं समजू नका. टबाखालची रेघ मशीन नेहमीपेक्षा सौम्य फेऱ्यावर लावायला सांगते, त्रिकोणावरची फुली ब्लीच टाळायला. कपडा न पिळता तसाच निथळत टांगायचा.

चौकोनात वर्तुळ असेल तर ते ड्रायरचं चिन्ह. त्यात आयएसओ दोन ठिपक्यांवर थांबतं, त्यामुळे तीन ठिपके दिसले की लेबल अमेरिकी समजावं.

जपानी लेबल दोन पिढ्यांचं असतं. जुन्यावर टबाऐवजी वॉशिंग मशीनचं चित्र आणि चिन्हांच्या आत जपानी अक्षरं दिसतात. १ डिसेंबर २०१६ पासून जपानने आयएसओशी जुळणारी चिन्हं घेतली, म्हणून नवं जपानी आणि युरोपीय लेबल चिन्हांवरून वेगळं काढता येत नाही. तिथे शेजारचा मजकूर कोणत्या लिपीत आहे तेच बघावं लागतं. 'मेड इन' या ओळीवर विसंबू नका. कपडा कुठे शिवला ते ती सांगते, लेबल मात्र सहसा तो जिथे विकायचा त्या देशाच्या नियमाने छापतात.