प्रेझेंटेशननंतर मॅनेजरला मेसेज: ‘कसं झालं?’ विचारू की नेमका एक प्रश्न?

प्रेझेंटेशन संपलं, लॅपटॉप बंद केला, आता मॅनेजरला फीडबॅक विचारायचाय पण मेसेज काय टाकू इथे बरेच जण अडकतात. मी दोन्ही प्रकारे विचारून पाहिलंय, त्यामुळे दोन्हीत फरक काय पडतो ते सांगते.

पहिला मेसेज सगळेच टाकतात तो: ‘मॅडम, प्रेझेंटेशन बरं झालं ना?’

मागच्या वर्षी क्वार्टरली रिव्ह्यूनंतर मी अगदी हाच टाकला होता. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘हो हो, छान झालं’ आणि पुढे अंगठा. मी खूश. मग तीन आठवड्यांनी वन-ऑन-वनमध्ये मॅडम म्हणाल्या की तुझा मेन मुद्दा फार उशिरा येतो, तोपर्यंत लोक फोन बघायला लागतात. मला इतकं वाईट वाटलं, कारण मधल्या काळात मी अजून दोन प्रेझेंटेशन्स त्याच पद्धतीने दिली होती. पण नंतर मेसेज परत वाचला तेव्हा कळलं की त्यांनी काही लपवलं नव्हतं, मीच तसं विचारलं होतं. त्या ‘ना’मध्येच उत्तर आहे. ‘बरं झालं ना?’ला ‘नाही’ म्हणायचं तर समोरच्याला वाईटपणा घ्यावा लागतो, आणि दोन मीटिंगांच्या मधे चालता चालता कोण घेईल तो? नुसतं ‘कसं झालं?’ विचारलं तर थोडं बरं, पण त्यालाही ‘छान’ हे उत्तर पुरतं.

दुसरा प्रकार म्हणजे नेमकं विचारायचं. पुढच्या वेळी मी हे टाकलं: ‘मॅडम, आज खर्चाचा आकडा नवव्या स्लाइडवर आला, तो उशीर झाला का? आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची तर काय बदलू? दोन ओळी चालतील.’ उत्तर यायला दीड तास लागला, पण आली ती व्हॉइस नोट. आकडा तिसऱ्या स्लाइडवर आण, बॅकग्राउंडच्या चार स्लाइड्स शेवटी टाक, कोणी विचारलं तरच उघड. झालं, मला एवढंच हवं होतं, त्याच संध्याकाळी डेक बदलला.

हा का चालतो? एक तर मॅडमना अख्खं प्रेझेंटेशन आठवावं लागत नाही, मी एका जागी बोट ठेवलंय. दुसरं म्हणजे ‘पुढच्या वेळी’ म्हटलं की झालेल्यावर निकाल द्यायचा नसतो, सल्ला द्यायचा असतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी 2019 मध्ये हेच मांडलं होतं, की लोकांना फीडबॅक मागितला तर ते मोघम कौतुक करतात आणि सल्ला मागितला तर चुका आणि उपाय दोन्ही जास्त सांगतात. आणि ‘दोन ओळी चालतील’ हे खरंच लिहा, कारण ‘सविस्तर फीडबॅक द्या’ म्हटलं की ते काम होऊन बसतं, निवांत लिहू म्हणून बाजूला पडतं आणि मग राहूनच जातं.

पण नेमक्या प्रश्नाचीही एक अडचण आहे. स्पीडबद्दल विचारलंत तर स्पीडबद्दलच कळेल, आणि खरी गडबड वेगळीच असेल (समजा क्लायंटच्या प्रश्नाला तुम्ही मधेच तोडलंत) तर ती राहून जाईल. म्हणून ते ‘एकच गोष्ट बदलायची तर’ वाक्य मी काढत नाही, त्यातून बाकीचं बाहेर येतं.

मग ‘कसं झालं?’ कधी टाकायचा? मॅनेजर नवीन असेल आणि तो नक्की काय बघतो हेच माहीत नसेल तेव्हा. तेव्हा तुमचा प्रश्न चुकीच्या जागी लागायची शक्यता जास्त, त्यामुळे मोकळं विचारा, फक्त ‘ना’ लावू नका, आणि ‘छान’ आलं तर लगेच ‘कुठला भाग जरा कमी पडला?’ विचारा.

वेळेचं म्हणाल तर त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्यांना स्लाइड आठवत नाही, फक्त एकूण बरं होतं की नाही एवढंच राहतं. पण मीटिंगमधून उठता उठता नको, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. आणि टीमच्या ग्रुपवर अजिबात विचारू नका, चारचौघांत कुठलाही बरा मॅनेजर कौतुकच करणार.

आणि प्रेझेंटेशन उघड उघड फसलं असेल, म्हणजे क्लायंट चिडला किंवा आकडा चुकीचा निघाला, तर यातला कुठलाच मेसेज नको. ‘मॅडम, आकडा माझ्याकडून चुकला, सुधारून पाठवते, पाच मिनिटं बोलू शकतो का?’ एवढं टाका आणि उरलेलं फोनवर बोला.