ओटी की डीपीडी: शेवटच्या नळावरचा क्लोरीन बघताना

ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेवर किंवा सोसायटीच्या टाकीवर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून झालं की प्रश्न उरतो तो शिल्लक क्लोरीन कशाने बघायचा याचा. क्लोरीन असला की पाणी पिवळं करणाऱ्या ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची, बाटली सगळ्यांच्या ओळखीची आहे. क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणाऱ्या डीपीडीच्या गोळ्याही आता बऱ्याच ठिकाणी मिळतात. मी बरीच वर्षं ओटी वापरली, मग दोन्ही शेजारी ठेवून तपासलं आणि आता बहुतेक वेळा डीपीडीच वापरतो. तुमचं पाणी वेगळं असेल तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो, म्हणून माझा कशावरून ठरला ते सांगतो.

ओटीबद्दल आधी चांगलं सांगायला हवं. बाटली स्वस्त पडते, थेंब टाकले की काम झालं, आणि क्लोरीन आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो. क्लोरीन फार जास्त झाला तर रंग पिवळ्यावरून नारिंगी, विटकरी होतो, त्यामुळे चूक लगेच कळते. फक्त हे द्रावण आम्लात केलेलं असतं आणि त्यातला ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून थेंब हातावर पडू देऊ नयेत. तपासलेलं पाणी तर टाकीत कधीच परत ओतू नये.

माझी अडचण वेगळीच होती. ओटीचा पिवळा रंग थांबत नाही. मुक्त क्लोरीन ओटीशी काही सेकंदांत रंग देतो. अमोनियाशी बांधला गेलेला, म्हणजे संयुक्त क्लोरीन, तोच रंग सावकाश, पाच मिनिटांपर्यंत देत राहतो. म्हणजे नळी हलवल्याबरोबर बघणाऱ्याला एक आकडा मिळतो आणि नळी कट्ट्यावर ठेवून रजिस्टर लिहून आलेल्याला दुसरा. पाणी गरम असेल तर संयुक्त क्लोरीनही घाईने रंग देतो. एप्रिलमध्ये उन्हात तापलेल्या पाइपातून आलेल्या पाण्यात ‘लगेच बघा’ या सूचनेलाही फारसा अर्थ राहत नाही. दोघांचे आकडे जुळले नाहीत की आम्ही एकमेकांच्या नजरेला दोष द्यायचो. खरा फरक घड्याळाचा होता.

एका पावसाळ्यात हे स्पष्ट दिसलं. योजनेच्या शेवटच्या नळावर ओटीने ०.५ पीपीएम नोंदलं जात होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मुक्त शिल्लक क्लोरीन किमान ०.२ असावा असं आहे, त्यामुळे कागदावर सगळं ठीक होतं. पण त्या नळाच्या पाण्याला औषधासारखा उग्र वास येत होता. त्याच पाण्यात डीपीडीची पहिली, फक्त मुक्त क्लोरीन दाखवणारी गोळी विरघळवली आणि मिनिटाच्या आत रंगछटांच्या तबकडीशी रंग जुळवला. गुलाबी छटा ०.१ च्याही खाली होती. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी, जिच्यात पोटॅशियम आयोडाइड असतं, टाकून दोन-तीन मिनिटं थांबलो, तर रंग ०.५ वर गेला. म्हणजे क्लोरीन होता, पण जवळजवळ सगळा संयुक्त. हा क्लोरीन जंतू मारायला मुक्त क्लोरीनपेक्षा फार मंद असतो. पाइप जिथे नाल्यालगत जात होता तिथला जोड गळत होता. पाणीपुरवठा बंद असताना तिथून घाण आत ओढली जात असावी. जोड बदलल्यावर त्याच नळावर मुक्त क्लोरीन ०.३ मिळू लागला. ओटीचा आकडा आधीही समाधानकारक होता, नंतरही. माझं मन डीपीडीकडे वळलं ते इथेच.

डीपीडीलाही खोडी आहेत, आणि त्यांतली एक ओटीपेक्षा धोक्याची वाटते. क्लोरीन फार जास्त असेल, समजा टीसीएल नुकतंच ओतलेल्या टाकीत, तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि नळी कोरी दिसते. ‘शून्य’ समजून माणूस आणखी टीसीएल टाकतो. म्हणून टाकीजवळचं पाणी तपासताना नळीत पाणी पडता-पडता नजर तिथेच ठेवावी. शंका आली तर एक भाग पाण्यात नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून पुन्हा तपासावं आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणावं.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. त्यात मँगनीज असेल तर क्लोरीनमुळे त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि तेही डीपीडीला गुलाबी करतं. क्लोरीन संपलेला असतानाही रंग येतो. ओटीही यातून सुटत नाही, उलट तिला लोह आणि नायट्राइटही फसवतात. यावर उपाय असा: १० मिली पाणी वेगळं घ्या, त्यात पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे (लिटरला ३० ग्रॅम) ३ थेंब टाका, मिनिटभर थांबा, मग सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणाचे (लिटरला ५ ग्रॅम) ३ थेंब टाका आणि त्यानंतर डीपीडी. आर्सेनाइट क्लोरीनला निकामी करतं, मँगनीजचा रंग मात्र राहतो. तो आकडा आधीच्या आकड्यातून वजा करायचा. आर्सेनाइट जहाल विष आहे, त्यामुळे हे काम प्रयोगशाळेतच करावं.

रंग जुळवतानाची एक सवय दोन्ही पद्धतींना लागू आहे. तबकडीच्या बाजूच्या खाचेत साधं पाणी न ठेवता, रसायन न टाकलेलं तेच पाणी ठेवावं. पावसाळ्यातल्या किंचित मातकट पाण्याची स्वतःची पिवळट छटा ओटीच्या आकड्यात मिसळते आणि ०.२ सारख्या लहान आकड्यावर तीच निर्णायक ठरते. गुलाबीवर तिचा परिणाम कमी जाणवतो, निदान माझ्या डोळ्यांना. बघताना पाठीमागे पांढरा कागद आणि दिवसाचा, पण थेट ऊन नसलेला उजेड असावा. संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली ओटी वाचणं मी केव्हाच सोडलं.

तबकडी किंवा मीटर बरोबर आहे का हे तपासायला डीपीडीसाठी सोपी सोय आहे. ८९१ मिलिग्रॅम पोटॅशियम परमँगनेट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर करा. त्यातलं १० मिली १०० मिलीपर्यंत वाढवा. या दुसऱ्या द्रावणाचं १ मिली पुन्हा १०० मिलीपर्यंत वाढवलं की डीपीडी टाकल्यावर १ पीपीएम क्लोरीनइतका रंग यायला हवा. पातळ द्रावण त्याच दिवशी वापरून टाकावं. मी हे दर काही महिन्यांनी करतो, आणि जुन्या ओलसर गोळ्या यातच पकडल्या जातात.

डीपीडी महाग पडते, आणि गोळ्या कोरड्या ठेवाव्या लागतात. तुमच्याकडे दहा-बारा नळ रोज बघायचे असतील तर सगळीकडे तीच वापरा असं मी म्हणणार नाही. टाकीजवळ ओटी चालेल. शेवटच्या नळावर, आणि वासाची तक्रार आलेल्या प्रत्येक नळावर, मी मात्र डीपीडीच घेऊन जातो. जाताना दोन नळ्या नेतो, एक फक्त पहिल्या गोळीसाठी आणि एक तिसऱ्या गोळीसाठी. तिसऱ्या गोळीचं आयोडाइड नळीला किंचित जरी चिकटून राहिलं तरी पुढच्या तपासणीत संयुक्त क्लोरीन मुक्त म्हणून मोजला जातो, आणि मग आपण पुन्हा ओटीच्याच जागी येऊन उभे राहतो.