सरळ क्विल्टिंग: गाइड बार की मास्किंग टेप?

शिलाई मशीनच्या वॉकिंग फूटच्या मागे बसणारा गाइड बार आधीच्या शिलाईवर टेकवत पुढची ओळ घालता येते. काहीच आखावं लागत नाही, त्यामुळे काम झपाट्याने होतं. पण प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर अवलंबून असते. ५ सेंमी अंतराच्या ओळींत दर वेळी १ मिमी तिरकेपणा आला, तर दहाव्या ओळीला तो १ सेंमी होतो. हे मध्येच कळत नाही, कडेला पोचल्यावर दिसतं.

मास्किंग टेप पट्टीने मोजून लावायची आणि तिच्या कडेलगत शिवायचं, टेपवरून नाही. नाहीतर सुईला टेपचा गोंद लागतो. प्रत्येक ओळ स्वतंत्र मोजल्याने चूक साचत नाही. टेप रात्रभर मात्र ठेवू नका, चिकटपणा कापडावर राहतो.

आमच्या मते दोन्ही मिसळावं: मधली ओळ आणि त्यानंतर दर चौथी ओळ टेपने, उरलेल्या बारने.

क्विल्टचे थर सरकणं मात्र दोन्हींपैकी कशानेच थांबत नाही. त्यासाठी दर ८-१० सेंमीवर सेफ्टी पिन हवी, टाका ३ मिमी ठेवावा आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवाव्यात. आलटून पालटून दिशा बदलली, तर दोन ओळींमधलं कापड तिरकं ओढलं जाऊन चुण्या पडतात.