कच्चा नकाशा की फोटो? रंकाळ्याच्या रस्त्यावरची एक ब्रेकची खूण

समजा, रंकाळ्याजवळ दुचाकी आणि मोटार धडकली आणि पंचनाम्यात लिहिलं, 'खांबाजवळ ब्रेकची खूण'. जवळ म्हणजे किती?

इथे नकाशाच हवा. रस्त्याच्या एकाच कडेचे, 12 मीटर अंतरावरचे दोन विजेचे खांब धरा. खुणेची सुरुवात पहिल्यापासून 6.4 मीटर आणि दुसऱ्यापासून 9.1 मीटर, असं टेपने मोजलं की ती जागा वर्षभरानंतरही सापडते. शेवटही तसाच मोजा. उभ्या रिक्षापासून मोजू नका, ती तासाभरात निघून जाते.

फोटोत अंतर फसवं असतं. खाली वाकून काढलेल्या फोटोत खूण आखडलेली दिसते. पण ती सलग आहे की तुटक, काच कुठल्या बाजूला सांडली, हे फोटोच दाखवतो. नकाशातली रेघ मुकी. म्हणून आधी दोन्ही खांबांसह लांबून, मग पट्टी ठेवून जवळून फोटो घ्या. त्याखाली क्रमांक, वेळ आणि 'रंकाळ्याकडे तोंड करून' अशी दिशा लिहा.

मजकूर, नकाशा, फोटो तिन्हीकडे खुणेला एकच अक्षर द्या. नकाशात 'ख' आणि फोटोखाली 'क' असेल, तर उलटतपासणीत वकील तिथेच बोट ठेवतो. घाईत एकच जमणार असेल, तर मी आधी फोटो काढीन: खांब उद्याही असतील, काच झाडून नेतील.