आजीची तसबीर: चारकोल की तीन छटांचं चित्र?

आजीचा त्यातल्या त्यात बरा फोटो एकच निघाला, १९७४ सालच्या एका लग्नातला. दुसऱ्या रांगेत उभी, चेहरा जेमतेम एक सेंटिमीटर आणि उजवा डोळा सावलीत बुडालेला. वर्षश्राद्धाला तसबीर हवी होती. नुसता मोठा करून घ्यावा म्हटलं, तर प्रिंटमध्ये नाक-डोळ्यांच्या जागी ठिपके आले. मग उरलं चित्र काढून घेणं: हाताने चारकोलमध्ये, नाहीतर संगणकावर दोन-तीन सपाट छटांत.

दोन्हींना स्कॅन एकच लागतो. मूळ प्रिंट १२०० डीपीआयला स्कॅन करा. एवढासा चेहरा मग साधारण ४७० पिक्सेल रुंद मिळतो, ३००ला तो ११८च भरतो. चित्रकाराला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर सगळं मुसळ केरात. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

चारकोलची ऊब वेगळीच, हे मान्य. पण त्यात पापणीची कड, ओठांची रेघ, गालाचा उतार सगळं दाखवावं लागतं, आणि फोटोत जे नाही ते चित्रकार सवयीने भरतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या चित्रकाराने कच्चं चित्र दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, "बाई छान आहे रे, पण ही कोण?" दोष त्याचा नव्हता. बुडालेला डोळा त्याने दुसऱ्यासारखाच काढला होता, आणि आजीची ती पापणी जरा खाली झुकलेली असायची.

तीन छटांत हा प्रश्नच येत नाही. सावलीतला डोळा सावलीतच ठेवता येतो. ओळख पटते ती केसांची रेषा, नाकाखालची सावली, हनुवटी आणि डोक्यावरच्या पदराची घडी यांवरून. मात्र हे काम नुसत्या फिल्टरवर सोडू नका. फिल्टर सुरकुत्यांचे काळे ओरखडे करतो, फोटोवरच्या डागाचा तीळ करतो आणि आजी रागावलेली दिसते. सावल्यांचे आकार कुणीतरी हाताने आखायला हवेत. झालेलं चित्र मोबाइलवर अंगठ्याएवढं करून आधी तिच्या भावंडांना दाखवा. त्यांनी नाव घ्यायला वेळ लावला तर चित्र चुकलंय.

कुंकवावरूनही आमच्याकडे बरंच झालं. फोटोत ते आहे, आजोबा त्यानंतर गेले. आत्याला हवं होतं, काकांना नको. संगणकावर कुंकू वेगळ्या लेयरवर असल्याने दोन्ही रूपं समोर ठेवता आली. चारकोलमध्ये हे आधीच ठरवावं लागतं, नंतर खोडलं तर कागदावर मळकट डाग राहतो. रंग उजळ करणं आणि दात दाखवणारं हसू घालणं मात्र दोन्हीकडे ठाम नको म्हणा.

चेहरा दोन सेंटिमीटरच्या वर असेल, दोन्ही डोळे स्वच्छ असतील आणि पडताळायला आणखी एखादा फोटो असेल, तर खुशाल चारकोल घ्या. फ्रेम करताना माउंट घालायला सांगा, चित्र काचेला टेकता कामा नये. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. भिंतीवर तीन छटांची आजी आहे, कुंकवासकट.