रोडिओला: पेरणीपासून वेचणीपर्यंत घेतल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. पावसाळा लागला की तापाचे पेशंट वाढतात आणि शटर रात्री उशिरापर्यंत उघडं राहतं. यंदा पेरणीच्या सुमारास रोडिओला या औषधी वनस्पतीच्या मुळीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या आणि कापसाची वेचणी सुरू होईपर्यंत घेतल्या. बाटलीवर ठळक अक्षरांत 'अ‍ॅडाप्टोजेन' छापलं होतं, आणि हा अनुभव लिहितोय तो मुख्यतः त्या शब्दासाठी.

हा शब्द आयुर्वेदातला नाही. सोव्हिएत संशोधक लाझारेव यांनी तो 1947 मध्ये वापरला, तोही डिबाझोल या कृत्रिम औषधाच्या संदर्भात. ब्रेखमन आणि दार्दिमोव यांनी 1969 मध्ये त्याच्या अटी मांडल्या. पदार्थ जवळपास निरुपद्रवी हवा. त्यानं कुठल्याही एका नव्हे, तर अनेक प्रकारच्या ताणांविरुद्ध शरीराची सहनशक्ती वाढवायला हवी. आणि बिघाड वरच्या बाजूला असो की खालच्या, त्यानं तो मधल्या पातळीकडे आणायला हवा. ही तिसरी अट फार्मसी शिकलेल्या माणसाला खटकतेच. औषध सहसा एका रिसेप्टरला चिकटतं आणि एकाच दिशेनं ओढतं. बीपीची गोळी बीपी उतरवते, लो बीपीवाल्याचं चढवत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 2008 मध्ये म्हणूनच सांगितलं की औषधशास्त्रात ही मान्य संज्ञा नाही. म्हणजे 'अ‍ॅडाप्टोजेन' हा अँटासिडसारखा औषधांचा गट नाही. तो एक दावा आहे, आणि प्रत्येक वनस्पतीनं तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

रोडिओलाच्या बाबतीत हा दावा कसा मांडतात? ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला इशारा देतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला थांबायला सांगतं. ताण महिनोन्‌महिने चालला की हे थांबवणं नीट चालत नाही. प्रस्तावित खुलासा असा की रोडिओलातला सॅलिड्रोसाइड पेशींना अगदी हलका धक्का देतो, त्यामुळे एचएसपी७० नावाचं संरक्षक प्रथिन वाढतं आणि ताणाचे आतले संकेत मंदावतात. उन्हाळ्यात पाणी थोडं ताणलेली पऱ्हाटी पुढचा खंड जास्त सोसते, तसंच काहीसं. पण यातला बराच पुरावा पेशी आणि प्राण्यांवरचा आहे.

माणसांवरच्या चाचण्यांत 2009 ची स्वीडनमधली चाचणी नेहमी पुढे केली जाते. ताणामुळे थकलेल्या 60 जणांना 28 दिवस रोज 576 मिग्रॅ अर्क किंवा औषध नसलेली खोटी गोळी दिली. सकाळी उठल्यावर कॉर्टिसॉल जी उसळी मारतं, ती अर्क घेणाऱ्यांत कमी झाली. मात्र खोट्या गोळीवाल्यांनाही बरंच बरं वाटलं होतं. उलट कॅनडात 2014 मध्ये पाळीची ड्युटी करणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर चाचणी झाली, तिथे उत्साहाच्या मोजणीत खोटी गोळीच वरचढ ठरली.

माझ्यापुरतं सांगायचं तर दुपारचं जडपण पहिल्या पंधरवड्यातच कमी झाल्यासारखं वाटलं. त्याच काळात मी चहाही कमी केला होता आणि पुढे पाऊस सरल्यावर दुकानातली गर्दीही ओसरली. त्यामुळे श्रेय कॅप्सूलला द्यायला मी धजत नाही. संध्याकाळी घेतली की झोप लागायला उशीर होई, म्हणून नाश्त्याआधीच घेऊ लागलो.

घेणार असाल तर लेबल आधी वाचा. माझ्या कॅप्सूलमध्ये 300 मिग्रॅ अर्क होता, त्यात 3 टक्के रोझाविन आणि 1 टक्का सॅलिड्रोसाइड, म्हणजे 9 मिग्रॅ आणि 3 मिग्रॅ. चाचण्यांतल्या अर्काचं प्रमाण साधारण असंच असतं. सॅलिड्रोसाइड रोडिओलाच्या इतर जातींतही सापडतं, रोझाविन ही मात्र रोडिओला रोझियाची खूण. लेबलवर फक्त सॅलिड्रोसाइड असेल तर मुळी दुसऱ्या जातीची असण्याची शंका घ्यावी. नुसती 'मूळ पावडर 500 मिग्रॅ' म्हणजे 500 मिग्रॅ अर्क नव्हे. युरोपात पारंपरिक वापराच्या आधारावर दिवसाला 144 ते 400 मिग्रॅ अर्क चालतो, आणि दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरकडे जा असंही तिथे सांगितलं आहे. थकव्यामागे रक्त कमी असणं किंवा थायरॉईडही असू शकतं, आणि आपल्याकडे ते काही विरळ नाही.

काउंटरवरची बाटली पाहून एका काकांनी विचारलं, "काहो भाऊ, हे घेतलं तं थकवा जाते का?" काकांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि त्यांना रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू आहे. वॉरफरिनचा जोरदार भाग यकृतातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम मोडतं, आणि निरोगी माणसांवरच्या 2016 च्या अभ्यासात रोडिओलानं तेच एन्झाइम काहीसं मंदावलं होतं. वॉरफरिन रक्तात साचलं तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ शकतं. "काका, तुमच्यासाठी नाही हे," म्हणून मी बाटली मागे ठेवली. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनाही मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे देत नाही, कारण त्यातल्याच पॅरॉक्सेटिनसोबत घेतल्यावर त्रास झाल्याची नोंद आहे.