जीवशास्त्राच्या शोधनिबंधाची प्रस्तावना: शब्दसूचीची चौकट की पहिल्याच उल्लेखात उलगडा?

आपल्या शाखेबाहेरच्या वाचकांसाठी शोधनिबंधाची प्रस्तावना पुन्हा लिहायची वेळ आली की तीन वाटा दिसतात. पहिल्या वाटेत पारिभाषिक शब्द तसेच ठेवून शेजारी किंवा शेवटी शब्दसूचीची चौकट द्यायची. दुसऱ्या वाटेत शब्द जिथे पहिल्यांदा येतो तिथेच, त्याच वाक्यात, थोडक्यात उलगडायचा. तिसऱ्या वाटेत शब्दच काढून टाकून साध्या भाषेत लिहायचं. डासांमधल्या वोल्बॅकिया या जीवाणूवरच्या एका निबंधासाठी मी या तिन्ही वाटा चालून पाहिल्या. निबंध इंग्रजीत होता, इथे नमुने मराठीत देतो. सर्वसाधारण जीवशास्त्राच्या नियतकालिकाकडे तो जाणार होता, म्हणजे वाचकांत वनस्पतिशास्त्रज्ञ येणार, संख्याशास्त्रज्ञ येणार आणि आरोग्य खात्यातले लोकही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. वोल्बॅकियावाले डास सोडलेल्या भागांत तपासणीने खात्री झालेला डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी आढळला होता. तेव्हापासून हा विषय कीटकशास्त्रापुरता राहिलेला नाही. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनेही असे डास तयार केले आहेत.

मूळ प्रस्तावनेतलं मधलं वाक्य साधारण असं होतं:

"एंडोसिंबायोंट वोल्बॅकिया हा सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटीमुळे एडीस इजिप्ती डासांत पसरतो व त्यांची व्हेक्टर कॉम्पिटन्स घटवतो, मात्र फिटनेस कॉस्टमुळे त्याला इन्व्हेजन थ्रेशोल्ड ओलांडावा लागतो."

कीटकशास्त्रज्ञाला यात काहीच खटकणार नाही. बाहेरच्याला मात्र एका वाक्यात पाच अडथळे आहेत.

तिसरी वाट आधी सांगून टाकतो, कारण माझ्या मते ती प्रस्तावनेत फार लांब जात नाही. सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटी हा शब्द गाळून "वोल्बॅकियामुळे नर नापीक होतात" असं लिहून पाहिलं. वाचायला सोपं, पण खोटं. तोच नर वोल्बॅकिया असलेल्या मादीला भेटला तर अंडी व्यवस्थित उबतात. नर नापीक नसतो, जोडी जुळत नसते. शिवाय हा शब्द पुढे निष्कर्षांत आणि आकृत्यांत येणारच असतो, आणि ज्याला आणखी वाचायचं आहे त्याला शोधायला तोच शब्द लागतो. जो शब्द संपूर्ण निबंधात एकदाच येतो, तो खुशाल गाळावा. आमच्या वाक्यातला एंडोसिंबायोंट तसा होता. "कीटकांच्या पेशींच्या आत राहणारा जीवाणू" एवढ्याने काम भागलं, आणि तो शब्द पुन्हा कुठे लागला नाही.

खरी निवड उरते ती चौकट आणि जागच्या जागी उलगडा यांत.

चौकटीच्या बाजूने बरंच बोलता येईल. मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो. जाणकार वाचकाचा वेग कमी होत नाही. सहलेखकांना तपासायला सोपं जातं, कारण सगळ्या व्याख्या एकत्र असतात. काही आढावा-नियतकालिकांची ही ठरलेली पद्धतच आहे आणि तिथे ती शोभतेही, कारण आढाव्यात वाचक मधूनच कुठेही शिरतो. मी पहिला मसुदा चौकटीनेच केला होता. फोनवर किंवा छापील प्रतीत मागेपुढे करावं लागतं ही तक्रार सगळेच करतात, आणि ती रास्त आहे. पण माझा कौल फिरला तो त्यामुळे नाही.

कौल फिरला तो असा. चौकटीतली व्याख्या एकटी उभी असते. समोरच्या वाक्याला काय हवं आहे हे तिला माहीत नसतं. आमच्या चौकटीत सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटीसमोर लिहिलं होतं: "वोल्बॅकिया असलेला नर व नसलेली मादी यांच्या मीलनातून झालेले भ्रूण मरणे." व्याख्या अचूक आहे, परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. पण वाक्य काय सांगत होतं? की यामुळे वोल्बॅकिया पसरतो. भ्रूण मेल्याने एखादा जीवाणू पसरेल कसा? आमच्याच संस्थेतल्या एका संख्याशास्त्रज्ञ बाईंना तो मसुदा दिला, तेव्हा त्यांनी समासात नेमका हाच प्रश्न लिहून परत केला. व्याख्या वाचून त्यांना वाक्य अधिकच उलटं वाटलं होतं. व्याख्येत प्रक्रियेचा निम्मा भाग होता, आणि युक्तिवादाला हवा होता उरलेला निम्मा. वोल्बॅकिया असलेल्या मादीची अंडी कोणत्याही नराबरोबर उबतात, नसलेल्या मादीची फक्त वोल्बॅकिया नसलेल्या नराबरोबर. जीवाणू आईकडून अंड्यांवाटे पुढे जातो, म्हणून फायदा मादीला झाला की त्यालाही होतो. हे कळलं की पसरणं आपोआप कळतं.

आता कुणी म्हणेल, मग चौकटीतली व्याख्याच मोठी करा. करता येते, मी करूनही पाहिली. पण मग प्रत्येक नोंद परिच्छेदाएवढी होते, आणि वाचकाने प्रस्तावना सोडून चौकटच वाचावी अशी वेळ येते. जागच्या जागी उलगडताना हा प्रश्न पडत नाही, कारण वाक्य हातात असल्यामुळे काय सांगायचं आणि काय वगळायचं हे तेच ठरवतं.

दुसऱ्या वाटेने लिहिलेला भाग असा झाला:

"वोल्बॅकिया हा कीटकांच्या पेशींच्या आत राहणारा जीवाणू आईकडून अंड्यांवाटे पुढच्या पिढीत जातो. वोल्बॅकिया असलेल्या मादीची अंडी कोणत्याही नराशी मीलन झाले तरी उबतात. नसलेल्या मादीचे वोल्बॅकियावाल्या नराशी मीलन झाले तर भ्रूण मरतात. सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विसंगतीमुळे वोल्बॅकिया असलेल्या माद्यांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. अशा डासांची व्हेक्टर कॉम्पिटन्स, म्हणजे विषाणू शरीरात वाढवून पुढे देण्याची अंगभूत क्षमता, कमी असते. मात्र वोल्बॅकियामुळे डासांची संततीही थोडी घटते. हा तोटा कायम असतो, तर वरील फायदा वोल्बॅकियावाले नर पुरेसे असतील तरच मिळतो. म्हणून एका ठरावीक प्रमाणाच्या, म्हणजे इन्व्हेजन थ्रेशोल्डच्या, वर गेल्यावरच वोल्बॅकिया स्वतःहून पसरतो."

एका वाक्याची आठ झाली, हे मान्य. शब्दमर्यादा कडक असेल तर हे जड जातं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आम्ही जागा काढली ती आधीच्या संशोधनाची यादी आवळून.

यात दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, क्रम. सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटीच्या बाबतीत आधी घडतं काय ते सांगितलं आणि नाव मागाहून दिलं. उलट केलं तर वाचक त्या अगडबंब नावापाशीच थबकतो. व्हेक्टर कॉम्पिटन्सच्या बाबतीत नाव आधी चाललं, कारण उलगडा दहा शब्दांच्या आत होता आणि दोन स्वल्पविरामांत मावला. जाणकाराची नजर एवढा तुकडा सहज ओलांडते. उलगडा त्याहून लांबला की त्याला स्वतःचं वाक्य द्यावं, दुसऱ्या वाक्याच्या पोटात कोंबू नये.

दुसरी गोष्ट, "अंगभूत" हा शब्द. तो सजावटीचा नाही. व्हेक्टोरिअल कपॅसिटी नावाची जवळची पण वेगळी संकल्पना आहे. तिच्यात डासांची संख्या, ते किती वेळा चावतात, किती दिवस जगतात हे सगळं येतं. "रोग पसरवण्याची क्षमता" असा ढोबळ उलगडा केला असता तर दोन्ही एकच झाल्या असत्या, आणि चर्चेच्या भागात त्यांतला फरक लागला तेव्हा वाचक गोंधळला असता. थोडक्यात सांगताना धोका हाच असतो. म्हणून प्रत्येक उलगड्यावर मी एकच प्रश्न विचारतो: हे शब्द शेजारच्या दुसऱ्या एखाद्या संकल्पनेलाही तितकेच लागू पडतात का? पडत असतील तर एक विशेषण कमी आहे.

कोणते शब्द उलगडायचे, हे मात्र लेखकाने एकट्याने ठरवू नये असं मला वाटतं. अवघड दिसणारे शब्द कुणीही खुणा करून देतो. त्रास देतात ते सोपे दिसणारे. त्याच बाईंनी "पॉप्युलेशन रिप्लेसमेंट"खाली रेघ मारली नव्हती. वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जुने डास मारायचे आणि नवे आणून सोडायचे." प्रत्यक्षात कुणी मारत नाही. वोल्बॅकियावाले नर आणि माद्या दोन्ही सोडतात, त्यांचा स्थानिक डासांशी संकर होतो, आणि काही पिढ्यांत तिथलेच डास वोल्बॅकियावाले होतात. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळच्या दोन वस्त्यांत हेच केलं गेलं. सिंगापुरात फक्त नर सोडतात, तिथे हेतू डासांची संख्या घटवण्याचा असतो. हा भेद माहीत नसेल तर आमच्या निबंधातला निम्मा युक्तिवाद कळतच नाही. "फिटनेस"चंही तेच. बाहेरच्याला तो तब्येतीचा शब्द वाटतो, इथे मामला संततीच्या संख्येचा आहे. त्यामुळे शब्दांखाली रेघा मारायला सांगण्यापेक्षा वाक्य तोंडी परत सांगायला लावणं माझ्या अनुभवात जास्त उपयोगी पडलं.

चौकट पूर्णपणे मोडीत काढावी असं मी म्हणणार नाही. पुष्कळ वाचक प्रस्तावना वाचतच नाहीत, थेट आकृतीवर उतरतात. त्यांच्या लेखी प्रस्तावनेतला पहिला उल्लेख पहिला नसतोच. आकृतीखालच्या मजकुरात दोन-तीन शब्दांची आठवण पुन्हा द्यावी लागते, आणि पारिभाषिक शब्दच पंधरा-वीस असतील तर छोटी सूची सोबत असलेली बरी. सारांशात उलगडलेला शब्दही प्रस्तावनेत पुन्हा उलगडावा, कारण दोन्ही भाग वेगवेगळे वाचले जातात.

परीक्षकांची भीती अनेकांना असते, की "हे तर सर्वांना ठाऊक आहे" असा शेरा येईल. आमच्या निबंधावर एका परीक्षकाने तसा शेरा दिला, पण तो एकाच शब्दापुरता, व्हेक्टर कॉम्पिटन्सपुरता. आम्ही तो तुकडा ठेवला आणि उत्तरात व्हेक्टोरिअल कपॅसिटीशी असलेला फरक दाखवून दिला. पुढच्या फेरीत त्यावर काही आलं नाही.

तुमचा निबंध खास कीटकशास्त्राच्याच नियतकालिकाकडे जाणार असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. आढावा लिहीत असाल तर चौकट चांगली. पण मूळ संशोधनाचा निबंध असेल, प्रस्तावना तीन-चार परिच्छेदांची असेल आणि पारिभाषिक शब्द सहा-सात असतील, तर आधी युक्तिवाद ज्यावर उभा आहे ते दोन शब्द निवडा आणि ते वाक्यातच उलगडून पाहा. बाकीच्यांचं काय करायचं हे त्यानंतर बरंच सोपं होतं. आमच्याकडे ते दोन शब्द सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटी आणि इन्व्हेजन थ्रेशोल्ड हे होते.